उधारी थांबणार हे लिहायचं आहे, पण धमकी वाटू द्यायची नाही

प्रश्न: हर्णैला आमचा बर्फाचा कारखाना आहे. बोटींना उधारीवर बर्फ देतो, बिलाची मुदत ३० दिवस. दिवाळी झाली तरी काही मालकांची बाकी तशीच आहे. मी असा मजकूर तयार केला: "वारंवार सांगूनही आपण बाकी भरलेली नाही. तरी सात दिवसांत संपूर्ण रक्कम भरावी, अन्यथा आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल. ही अंतिम सूचना समजावी." बाबा म्हणतात, हे पाठवलंस तर पिढ्यान् पिढ्यांची माणसं तुटतील. पण खातं थांबणार हे सांगितलंच नाही तर पैसे कसे येतील? हे कसं लिहावं?

उत्तर:

तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि बाबांचंही. खातं थांबणार असेल तर ते आधी सांगणं हे तुमचं कर्तव्यच आहे. न सांगता एका पहाटे बोटीला बर्फ नाकारणं याहून वाईट काही नाही. मजकुरात चूक आहे ती वेगळीच. त्यात भीती आहे, पण माहिती नाही. वाचणाऱ्याला किती रुपये, कोणत्या बिलांचे, सात दिवस कधीपासून मोजायचे आणि खातं बंद म्हणजे नेमकं काय बंद, यातलं काहीच कळत नाही. "होणारे परिणाम" हे शब्द तर सगळ्यात वाईट, कारण ते मोकळे सोडलेले आहेत. ती मोकळी जागा वाचणारा स्वतःच्या भीतीने भरतो. एकाला वाटतं कोर्टात खेचणार, दुसऱ्याला वाटतं बंदरावर नाव घालवणार.

मी रत्नागिरीकडच्या एका मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर १९ वर्षं उधारीची खाती सांभाळली. सुरुवातीला मीही असंच लिहायचो. एका हंगामात चाळीसेक मालकांना एकाच साच्यातली नोटीस काढली, शेवटी "अन्यथा योग्य ती कारवाई करण्यात येईल" असं ठोकून दिलं. त्यातल्या एका मालकाने पैसे कधीच भरले होते. आमच्याच माणसाने ते त्याच नावाच्या दुसऱ्या बोटीच्या खात्यावर टाकले होते. आपल्याकडे देवाच्या नावाच्या बोटी एकेका बंदरात तीन-तीन, चार-चार असतात, हे तुम्हाला सांगायला नको. तो मालक पावती घेऊन आला, काही बोलला नाही, पावती टेबलावर ठेवली आणि पुढच्या हंगामापासून डिझेल दुसरीकडून घेऊ लागला. चूक हिशेबाची होती, ती पाच मिनिटांत दुरुस्त झाली असती. नोटिशीने मात्र त्याला चूक दाखवायलाही जागा ठेवली नव्हती, थेट आरोपीच करून टाकलं होतं.

म्हणून लिहायला बसण्याआधी बाबांबरोबर बसून एक गोष्ट ठरवा. नेमकं काय थांबणार? "खाते कायमचे बंद" असं तुम्ही लिहिलंय, पण तुम्ही खरंच तसं करणार आहात का? त्या मालकाने महिन्याभराने सगळी बाकी भरली तर तुम्ही त्याला पुन्हा उधारी देणार नाही? देणार असाल, तर "कायमचे" हा शब्द खोटा आहे, आणि बंदरावर सगळ्यांना ते माहीत असतं. मला वाटतं तुम्हाला एवढंच करायचं आहे की बाकी जमा होईपर्यंत उधारीवर नवा बर्फ द्यायचा नाही. रोखीने मागितला तर द्यायचा. बाकी जमा झाली की उधारी पुन्हा सुरू. हे जसंच्या तसं लिहिलं की अर्धी धमकी आपोआप निघून जाते.

यातलं रोखीचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. बोटमालकाच्या दृष्टीने बर्फ बंद म्हणजे बोट बंद. बर्फाशिवाय चार दिवसांच्या फेरीला कोणी जात नाही, आणि गेला तर मासळी लिलावापर्यंत टिकत नाही. "खाते बंद" वाचलं की त्याच्या डोळ्यांसमोर जेटीला बांधलेली बोट आणि बसून राहिलेले खलाशी येतात. "रोखीने बर्फ नेहमीच्याच भावाने मिळत राहील" एवढं एक वाक्य वाचलं की त्याला कळतं, धंदा चालू राहणार आहे, फक्त सवलत थांबणार आहे. ही दोन वेगळी संकटं आहेत आणि त्यांची उत्तरंही वेगळी येतात. पहिल्याला माणूस भांडायला येतो, दुसऱ्याला हिशेब करायला बसतो. अर्थात हे वाक्य लिहिलंत तर पाळावंही लागेल. रोखीच्या बर्फाचे चार पैसे जास्त लावले किंवा त्याला रांगेत मागे ढकललं, तर सगळी चिठ्ठी खोटी पडते.

आता भाषेकडे येतो. आपण मराठी माणसं कागदावर लिहायला लागलो की एकदम तहसील कचेरीत जाऊन बसतो. "बंद करण्यात येईल", "भरणा करावा", "कसूर केल्यास", "याची नोंद घ्यावी". ही भाषा वाईट नाही, पण आपल्या लोकांनी ती फक्त जप्ती, दंड आणि समन्स यांच्या कागदांवर वाचलेली असते. त्यामुळे शब्दांचा अर्थ साधा असला तरी ऐकू येतो तो शिक्षेचा सूर. तुमच्या बाबांनी त्याच माणसाला जेटीवर "उधारी थांबेल हो" असं म्हटलं असतं. मग लिहितानाही "थांबेल" लिहा. "करण्यात येईल" मध्ये कोणीतरी अदृश्य अधिकारी तुमच्यावर काहीतरी करणार असं वाटतं. "थांबेल", "सुरू राहील", "मिळत राहील" ही क्रियापदं काय होणार तेवढं सांगतात.

मात्र सगळंच असं कर्त्याविना लिहू नका. जिथे तुम्ही मदत करणार आहात, तिथे "मी" आणि "आम्ही" आलं पाहिजे. "मला फोन करा", "मी तपासून सांगते". नियम सर्वांना सारखा असल्यामुळे त्याचं क्रियापद कोरडं चालतं, पण मदत करणारा माणूस दिसायला हवा. नवखे लोक नेमकं उलटं करतात. "आम्ही खाते बंद करू" असं ठणकावून सांगतात आणि "अडचण असल्यास संपर्क साधावा" असं कोरडं लिहितात.

बाकीबद्दल लिहिताना वाक्याचा कर्ता माणूस नको, रक्कम हवी. "आपण बाकी भरलेली नाही" हा आरोप आहे. "आमच्या वहीप्रमाणे खात्यावर इतकी बाकी दिसते" ही नोंद आहे. हे "दिसते" मी मुद्दाम वापरतो. वहीत चूक असू शकते हे त्यात आधीच कबूल केलेलं असतं, आणि ज्याने पैसे भरलेत त्याला न चिडता पावती दाखवता येते. "वारंवार सांगूनही", "अजूनही", "आजतागायत" हे शब्द सरळ काढून टाका. ते रागाचे शब्द आहेत. आधी सांगितलं असेल तर तारीख लिहा, नाहीतर काहीच लिहू नका. "तरी" ने सुरू होणारी वाक्यंही टाळा. "तरी सदर रक्कम भरावी" यातला "तरी" म्हणजे मागचं सगळं ऐकून आता मुकाट्याने भर, असा वाजतो.

"अन्यथा" बद्दल मी जरा जास्त हट्टी आहे. हा शब्द आला की पुढे काय येणार हे वाचणाऱ्याला ठाऊक असतं, तो तिथूनच दात-ओठ खातो. त्याऐवजी दोन्ही बाजू सांगा आणि चांगली बाजू आधी सांगा. "२० तारखेपर्यंत बाकी जमा झाली, तर खाते आहे तसे सुरू राहील. जमा झाली नाही, तर २१ तारखेपासून उधारीवर बर्फ देणे थांबेल." दोन्ही वाक्यांची लांबी आणि चाल सारखीच. रस्ता इथे फुटतो, एवढंच तुम्ही सांगताय, कुठे जायचं ते त्याच्या हातात आहे. पण एक काळजी घ्या. दुसरं वाक्य मऊ करायला जाऊ नका. "उधारी देणे कदाचित कठीण होऊ शकेल" असं लिहिलंत, तर माणूस ते वाचतो आणि विसरतो. मग २१ तारखेला बर्फ नाकारल्यावर त्याला खरंच वाटतं की आपल्याला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि त्याचं ते म्हणणं खरंही असतं.

मुदतीचं म्हणाल, तर "सात दिवसांत" हे कधीच लिहू नका. पत्र मिळाल्यापासून, तारखेपासून, की वाचल्यापासून? तारीख आणि वार लिहा. आणि तारीख समुद्र बघून ठरवा. मालकाच्या हातात पैसा येतो तो बोट परत येऊन मासळीचा लिलाव झाल्यावर. बोट आत्ताच फेरीला गेली असेल आणि तुमची मुदत ती येण्याआधी संपत असेल, तर ती मुदत नुसती नावाची. मी साधारण दहा-बारा दिवस ठेवायचो, म्हणजे मधे निदान एक फेरी तरी होते. हवामान खात्याचा इशारा आला आणि बोटी बंदरात अडकल्या, तर विचारायची वाट न बघता सगळ्यांना मुदत तितके दिवस पुढे ढकलल्याचं कळवायचो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळातली तारीख देऊन उपयोग नाही. तेव्हा पैसाही नसतो आणि बर्फही कोणाला नको असतो. त्यामुळे हंगामाअखेरची आठवण मेच्या सुरुवातीलाच जायला हवी.

आता एका खात्यावर हे करून दाखवतो. समजा एका बोटीची तीन बिलं आहेत. १२ सप्टेंबरचं १८,४०० रुपयांचं, २४ सप्टेंबरचं २१,६०० रुपयांचं आणि ६ ऑक्टोबरचं १६,५०० रुपयांचं. एकूण ५६,५००. मालकाने १ ऑक्टोबरला १०,००० दिले होते, म्हणून बाकी ४६,५००. शेवटच्या बिलाचे ३० दिवसही ५ नोव्हेंबरला संपले. ८ नोव्हेंबरला मी असं लिहीन:

"नमस्कार दादा. आमच्या वहीप्रमाणे तुमच्या बोटीच्या खात्यावर (नोंदणी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे अमुक) आज ४६,५०० रुपये बाकी दिसते. १२ सप्टेंबर, २४ सप्टेंबर आणि ६ ऑक्टोबर या तीन बिलांचे मिळून ५६,५०० झाले, त्यातून तुम्ही १ ऑक्टोबरला दिलेले १०,००० वजा केले आहेत. बिलांचे फोटो सोबत पाठवले आहेत.

तिन्ही बिलांची ३० दिवसांची मुदत पूर्ण झाली आहे. गुरुवार, २० नोव्हेंबरच्या संध्याकाळपर्यंत बाकी जमा झाली, तर खाते आहे तसे सुरू राहील. जमा झाली नाही, तर शुक्रवार, २१ नोव्हेंबरपासून उधारीवर बर्फ देणे थांबेल. रोखीने बर्फ नेहमीच्याच भावाने मिळत राहील. बाकी जमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळपासून उधारी पुन्हा सुरू होईल.

हिशेबात कुठे फरक वाटला, किंवा रक्कम दोन-तीन वेळा मिळून द्यायची असेल, तर २० तारखेपूर्वी मला फोन करा. नुकतेच भरले असतील तर पावतीचा फोटो पाठवा, मी नोंद करून घेते."

यात विनंतीचे गोड शब्द फारसे नाहीत हे तुमच्या लक्षात आलं असेल. "कृपया", "आपल्या सहकार्याची अपेक्षा", "नाइलाजास्तव" असलं काही घातलं नाही. नाइलाजाने म्हणणं म्हणजे दोष हळूच त्याच्या गळ्यात घालणं. दिलेल्या १०,००० चा उल्लेख मात्र मी कधी सोडत नाही. ज्याने अर्धेमुर्धे पैसे दिलेत त्याला ते मोजले गेलेत हे दिसलं पाहिजे, नाहीतर तो पुढचं वाचतच नाही. नोंदणी क्रमांकाचे चार आकडे का, ते वर सांगितलंच.

"अंतिम सूचना" असं लिहायचा मोह टाळा. ती खरंच शेवटची असेल तर तारीखच ते सांगते. आणि त्यानंतर आणखी एक पाठवावी लागली, तर पुढच्या सगळ्या सूचनांची किंमत जाते.

ही चिठ्ठी कोणाच्या हातात पडते यालाही तितकंच महत्त्व आहे. बर्फ न्यायला तांडेल किंवा खलाशी येतात, त्यांच्या हाती कागद देऊ नका. मालकाची बाकी त्याच्या माणसांसमोर आली की शब्द कितीही सौम्य असोत, अपमान झालाच. मालकाला थेट, त्याच्या फोनवर पाठवा. ज्याला वाचायची सवय नाही त्याला आधी फोन करून हेच वाक्य न वाक्य सांगा, मग मजकूर पाठवा. बंदराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थकबाकीदारांची यादी टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. तो ऐकू नका. त्यात पैशापेक्षा वैर लवकर येतं, शिवाय भारतीय न्याय संहितेत बदनामीचं कलम ३५६ आहे, आणि नाव घालवण्याची धमकी देऊन काही करायला भाग पाडणं कलम ३५१ खाली येऊ शकतं. बाकी खरी आहे एवढ्याने त्यातून सुटका होतेच असं नाही. पोलिसांचं नावही घेऊ नका. उधारी थकणं हा सहसा दिवाणी मामला असतो, आणि जे आपण करणार नाही ते लिहायचं नाही हा नियम इथेही लागू. कोर्टाची वेळ आलीच, तर ते वकिलाचं वेगळं पत्र असतं, आठवणीत त्याची सावली पाडायची नाही. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी कोर्टात जायला साधारण तीन वर्षांची कालमर्यादा असते, एवढं फक्त ध्यानात ठेवा. जुनं खातं असेल तर त्याआधीच मालकाकडून बाकी मान्य असल्याची सही घेऊन ठेवा.

हिशेबाचा वाद बर्फात हमखास होतो. लाद्या दहा दिल्या की नऊ, एक फुटकी होती का, चिठ्ठीवर सही कोणाची. मालकाने एखाद्या बिलावर शंका काढली, तर तेवढी रक्कम बाजूला ठेवा आणि त्याला लिहून कळवा: "२४ सप्टेंबरचे बिल तपासत आहोत. ते होईपर्यंत त्याचे २१,६०० मुदतीत धरलेले नाहीत. उरलेल्या २४,९०० साठी २० नोव्हेंबरच राहील." असं केल्याने शंका घेणाऱ्याला शिक्षा होत नाही, आणि एका बिलाच्या नावाखाली सगळंच लांबतही नाही. हप्त्याचं ठरलं तर तेही दोन ओळींत लिहा: कोणत्या तारखेला किती, आणि ते येत राहतील तोवर उधारी चालू राहणार की नाही. हे शेवटचं बहुतेक जण बोलायचंच विसरतात, आणि पुढचं भांडण तिथूनच निघतं.

एक मर्यादा मान्य करायला हवी. ज्याच्या बोटीला दोन महिने मासळीच लागलेली नाही, त्याच्याकडून कोणत्याही शब्दांनी पैसे येणार नाहीत. शब्दांचं काम तो तुम्हाला फोन करेल इथपर्यंतच. चिठ्ठी नीट उतरली की नाही हे ओळखायची माझी खूणही तीच होती. पहिल्या चार-पाच दिवसांत फोन येतात का, आणि फोनवर माणूस आकडे बोलतो की तुमच्या-आमच्या संबंधांबद्दल बोलतो. "तुझ्या आजोबांपासून आमचा व्यवहार" असं सुरू झालं की समजायचं, मजकुरात कुठेतरी टोचलंय. तेव्हा वाद न घालता पुन्हा वाचून बघायचं.

२० तारखेची संध्याकाळ झाली की मात्र हलू नका. त्याच रात्री लादी भरणाऱ्या माणसाला आणि चिठ्ठी फाडणाऱ्याला कोणत्या बोटी रोखीवर आहेत ते सांगून ठेवा, म्हणजे पहाटे जेटीवर घोळ होणार नाही. त्यांनीही खलाशांसमोर कारण सांगायचं नाही, "आज रोखीवर आहे, मालकांना कळवलंय" एवढंच. बाबा कोणासाठी तरी अपवाद करतील, मला माहीत आहे. करू द्या, पण तो अपवाद २० तारखेच्या आधी तारीख वाढवून झाला पाहिजे, नंतर डोळेझाक करून नाही. २१ ला सकाळी मालकाला एक ओळ पाठवा: "कळवल्याप्रमाणे आजपासून खाते रोखीवर आहे. बाकी ४६,५०० जमा झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी उधारी सुरू होईल."

आणि पैसे आले की त्याच दिवशी: "४६,५०० मिळाले, नोंद केली. उद्या सकाळपासून उधारी सुरू." त्याखाली "यापुढे वेळेवर भरावे" असं काही लिहू नका.